परतावा कुणाचा, व्याज कुणाचे?

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत दहा-बारा यंत्रमाग चालवणारा टॉवेलचा कारखानदार आणि त्याच्याकडे काम करणारा विणकर कामगार यांच्यात मजुरीवरून कितीही ओढाताण चालत असली, तरी एका बाबतीत दोघांचे दैव एकाच दोरीला बांधलेले असते. परदेशी पाठवलेल्या मालावरील कराचा परतावा वेळेवर आला नाही, की सुताची उधारी थकते. सूतवाला माल रोखतो, माग थांबतो, आणि आठवड्याची मजुरी पुढच्या आठवड्यावर जाते. वस्तू व सेवा कराचा परतावा हा विषय म्हणूनच केवळ हिशेबनिसांचा आणि सल्लागारांचा नाही. आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी तो समजून घेतला पाहिजे.

मूळ तत्त्वाविषयी वाद असण्याचे कारण नाही. कर हा उपभोगावर बसतो; ज्या देशात वस्तू वापरली जाईल त्या देशाने तो घ्यावा, आणि माल देशाबाहेर जाताना त्याच्या किमतीत आपल्या देशातील कराचा अंश राहू नये, हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या 16 व्या कलमाने निर्यातीला 'शून्य दराचा पुरवठा' म्हटले आहे. शून्य दर आणि करमाफी यांत फरक आहे. करमाफीत विक्रीवर कर नसतो, पण कच्च्या मालावर भरलेला कर उत्पादकाच्या डोक्यावर राहतो. शून्य दरात विक्रीवर कर नसतोच, शिवाय कच्च्या मालावर भरलेला करही परत मिळावयाचा असतो. तेव्हा परतावा म्हणजे सरकारने निर्यातदाराला दिलेले अनुदान नव्हे. ती त्याची स्वतःची रक्कम असून काही काळ सरकारी तिजोरीत पडून राहिलेली असते. हा भेद विसरला, की परतावा मागणारा प्रत्येक जण याचक वाटू लागतो आणि त्याला तसे वागवलेही जाते.

ही रक्कम परत मिळवण्याचे दोन मार्ग कायद्याने ठेवले आहेत. पहिल्या मार्गात निर्यातदार सरकारला एक हमीपत्र लिहून देतो. व्यवहारात त्याला सर्वजण 'एलयूटी' म्हणतात. माल मुदतीत निर्यात करीन, न केल्यास कर व व्याज भरीन, अशी ती हमी असते. ती दिल्यावर निर्यातीच्या बिलावर कर लावावा लागत नाही. खरेदीवर भरलेल्या कराची जी रक्कम खात्यात साठते, तिचा परतावा अर्ज करून मागावयाचा. दुसऱ्या मार्गात निर्यातीच्या मालावर देशांतर्गत विक्रीप्रमाणेच एकात्मिक कर भरावयाचा आणि माल गेल्यानंतर तो सबंध परत घ्यावयाचा. तेथे वेगळा अर्ज नसतो. बंदरावर सादर केलेले शिपिंग बिल हाच अर्ज मानला जातो.

हमीपत्राचा मार्ग आज सर्वांना खुला असला तरी आरंभी तसे नव्हते. 1 जुलै 2017 रोजी ही करपद्धती सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या 7 तारखेच्या अधिसूचनेने केवळ हमीपत्रावर माल पाठवण्याची सवलत मुख्यतः मोठ्यांनाच दिली. आदल्या वर्षी निर्यात उलाढालीच्या किमान 10 टक्के, आणि तेही 1 कोटी रुपयांहून कमी नाही, एवढे परकीय चलन ज्याच्याकडे आले असेल त्याच्या सहीवर सरकारचा विश्वास बसणार होता. इतरांनी बंधपत्र द्यावे आणि त्यासोबत बँकेची हमी जोडावी, असा दंडक होता. बँक हमी देते ती ठेव अडकवून. ज्याच्याकडे भांडवल कमी त्याच्याकडूनच भांडवल अडकवून घ्यावयाचे, असा हा न्याय होता. निर्यातदारांची ओरड झाल्यावर 4 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने हा भेद काढून टाकला. अडीच कोटी रुपयांहून अधिक करचुकवेगिरीबद्दल ज्याच्यावर खटला झाला आहे असा मनुष्य सोडून कोणीही नोंदणीकृत करदाता आता हमीपत्र देऊ शकतो. त्याच सुमारास निर्यातदारांसाठी 'ई-वॉलेट' नावाची योजना जाहीर झाली होती; कर आधी भरून मग परत मागण्याचा हेलपाटाच तिने वाचणार होता. 1 एप्रिल 2018 चा तिचा मुहूर्त पुढे ढकलला गेला, पुन्हा ढकलला गेला, आणि नंतर तिची चर्चाही थांबली.

दोन मार्गांतील फरक आकड्यांनी पाहू. आकडे गोळाबेरजेचे असले तरी दर प्रत्यक्षातले आहेत. एक छोटा कारखानदार महिन्याला 20 लाख रुपयांचे टॉवेल निर्यात करतो आणि 5 लाखांचे देशात विकतो. टॉवेलवर कर 5 टक्के. तो 12 लाखांचे सूत घेतो, त्यावर 5 टक्क्यांनी 60,000 रुपये कर भरतो. रंगाईच्या मजुरीचे 3 लाख, त्यावर 15,000. कस्टम्स एजंट, दुरुस्ती वगैरे सेवांचे 50,000, त्यावर 18 टक्क्यांनी 9,000. म्हणजे महिन्याला 84,000 रुपयांचा कर त्याने खरेदीत भरला आणि तो त्याच्या खात्यात जमा दिसतो. देशांतर्गत विक्रीवर त्याने द्यावयाचा कर 25,000. तो या जमेतून वळता होतो आणि 59,000 शिल्लक राहतात.

हमीपत्राच्या मार्गाने गेल्यास परताव्याचे सूत्र असे, की खरेदीवरील एकूण कराला निर्यात उलाढालीने गुणावे आणि एकूण उलाढालीने भागावे. 84,000 गुणिले 20, भागिले 25, म्हणजे 67,200 रुपये. परंतु खात्यातील शिल्लक त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते. म्हणून त्याच्या हाती 59,000 येतील. कर भरण्याच्या मार्गाने गेल्यास निर्यातीवर 1 लाख आणि देशांतर्गत विक्रीवर 25,000, असा 1,25,000 रुपये कर द्यावा लागेल. त्यापैकी 84,000 जमेतून जातील आणि उरलेले 41,000 रोख भरावे लागतील. मग 1 लाखाचा परतावा येईल. लाखातून 41,000 वजा केले की उरतात तेच 59,000. कागदावर दोन्ही मार्ग सारखे आहेत, आणि कायदा करणाऱ्यांनी त्यांना समान मानले ते याच अर्थाने.

व्यवहारात मात्र ते समान नाहीत. दुसऱ्या मार्गात 41,000 रुपये आधी खिशातून काढावे लागतात आणि परतावा अडलाच, तर 59,000 ऐवजी सबंध लाख अडतो. त्या बदल्यात कागद तंतोतंत जुळले, तर कोणा अधिकाऱ्यापुढे न जाता पैसे बँकेत येतात आणि पुष्कळदा लवकर येतात. येथे 'जुळले तर' या दोन शब्दांना फार महत्त्व आहे. शिपिंग बिलावरील बिल क्रमांक आणि कराच्या GSTR-1 विवरणपत्रातील क्रमांक यांत एखादी तिरकी रेघ वा शून्य कमी-अधिक पडले, तरी सीमाशुल्काच्या संगणकावर SB005 ही खूण उमटते आणि परतावा थांबतो. जहाज कंपनीने माल नेल्याची नोंद वेळेवर केली नाही, तर SB002 उमटते. 2017 आणि 2018 साली असंख्य लहान निर्यातदारांचे पैसे याच खुणांनी अडवले, आणि मार्च 2018 मध्ये सरकारला परताव्यासाठी खास पंधरवडा पाळावा लागला. शिपिंग बिल करतानाच कर भरून की हमीपत्रावर, हे नोंदवावयाचे असते. ती नोंद कस्टम्स एजंट करतो. ती आपण सांगितल्याप्रमाणे झाली की नाही हे निर्यातदाराने त्याच दिवशी स्वतः पाहिले पाहिजे. नंतरची दुरुस्ती महिने खाते.

मग छोट्याने कोणता मार्ग घ्यावा? सर्वसाधारणपणे हमीपत्राचा, कारण त्यात हातची रोकड जात नाही. मालावरील कराचा दर खरेदीवरील करापेक्षा जितका जास्त, तितके हे अधिक खरे. परंतु एक अपवाद असा आहे की तो पुष्कळांना ठाऊक नसतो. हमीपत्राच्या सूत्रात खरेदीवरील कर म्हणजे फक्त कच्चा माल व सेवा यांवरील कर. यंत्रसामग्रीवर भरलेला कर त्यात धरत नाहीत. वरील कारखानदाराने 5 लाखांचा जनरेटर घेतला, तर त्यावर 18 टक्क्यांनी 90,000 रुपये कर पडला. हमीपत्राने गेल्यास त्या महिन्याचा परतावा सूत्राने येणाऱ्या 67,200 रुपयांच्या पुढे जाणार नाही आणि 81,800 रुपये खात्यात नुसते पडून राहतील. तोच त्या महिन्यात कर भरून निर्यात करील, तर 1,25,000 रुपयांचे देणे 1,74,000 रुपयांच्या जमेतून भागेल, एक पैसा रोख द्यावा लागणार नाही, आणि लाखाचा परतावा येईल. शिल्लक 49,000 पुढील महिन्यात त्याच रीतीने वापरता येईल. दोन महिन्यांत यंत्रावरील कराची जवळजवळ सारी रक्कम मोकळी होते. हमीपत्र दिलेले असले तरी एखाद्या खेपेवर कर भरण्यास कायदा मनाई करीत नाही. ही निवड खेपेगणिक करावयाची असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते एवढेच.

आता मुदतींकडे पाहू, कारण खरा अन्याय तेथे दडला आहे. एप्रिलमध्ये सूत घेतले, एप्रिलमध्येच माल गेला. त्या महिन्याची विवरणपत्रे 20 मेपर्यंत भरली, त्याच दिवशी RFD-01 या नमुन्यात परताव्याचा अर्ज केला. अर्ज करताक्षणी ती रक्कम खात्याच्या जमेतून वजा होते. पण बँकेत आलेली नसते. अधिकाऱ्याने 15 दिवसांत पोच द्यावी, त्यानंतर 7 दिवसांत 90 टक्के रक्कम तात्पुरती द्यावी, आणि अर्जापासून 60 दिवसांत अंतिम आदेश करावा, असा नियम आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून या 90 टक्क्यांसाठी अर्जातील जोखमीचे मूल्यमापन संगणक करतो. ज्याला तो जोखमीचा ठरवील त्याची रक्कम सविस्तर तपासणीसाठी थांबते. तात्पुरती रक्कम मिळाली नाही, तर एप्रिलमध्ये भरलेला कर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परत येतो, आणि तोही कोणी एक दिवसाची दिरंगाई न करता. दर महिन्याला असेच चक्र फिरत असल्यामुळे कोणत्याही दिवशी आपल्या कारखानदाराचे तीन महिन्यांचे परतावे, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख रुपये, कायमचे बाहेर असतात. हे खेळते भांडवल तो सुताच्या व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने उधारीवर उभे करतो.

त्या काळाचे व्याज सरकार देत नाही. 60 दिवस उलटल्यावर मात्र वर्षाला 6 टक्के दराने देणे त्याला बंधनकारक आहे. याच्या उलट बाजू पाहावी. हमीपत्रावर पाठवावयाचा माल बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत देशाबाहेर गेला नाही, तर आयुक्तांनी मुदत वाढवून दिल्याखेरीज पुढील 15 दिवसांत कर भरावा लागतो आणि त्यावर वर्षाला 18 टक्के व्याज. नागरिकाने राज्याचे पैसे थकवले तर 18, राज्याने नागरिकाचे थकवले तर 6! सावकार आणि कूळ यांच्यातील जुन्या व्यवहारात याहून निराळे काय होते? आणि 6 टक्क्यांचे घड्याळही सहज मागे फिरवता येते. अर्जात काही उणीव दिसली तर अधिकारी पंधरा दिवसांत RFD-03 हे त्रुटीपत्र देऊ शकतो. ते आले की जुना अर्ज संपतो, रक्कम खात्यात परत जमा होते, नवा अर्ज करावा लागतो आणि 60 दिवसांची गणना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. चौदाव्या दिवशी आलेले एक क्षुल्लक त्रुटीपत्र तिजोरीला फुकट मुदतवाढ मिळवून देते. मोठ्या निर्यातगृहाकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्याकडे महिन्यातून दोनदा येणारा हिशेबनीस असतो.

दुसरा अन्याय पुरवठादाराच्या बाजूने येतो. सूत विकणाऱ्याने आपले विवरणपत्र भरले, तरच खरेदीवरील कर खरेदीदाराच्या GSTR-2B या तक्त्यात दिसतो, आणि तेथे न दिसणाऱ्या कराचा परतावा मिळत नाही. मोठा खरेदीदार विवरणपत्र पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाही. छोटा कारखानदार स्वतःच उधारीवर असतो. तो व्यापाऱ्याला काय दटावणार? त्याने करासहित पैसे बँकेमार्फत चुकते केलेले असतात, तरी दुसऱ्याच्या कसुरीची शिक्षा त्याला भोगावी लागते.

खोटी बिले करून परतावे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, म्हणून ही कडक तपासणी हवी, असे उत्तर सरकारकडून दिले जाते. अशा टोळ्या आहेत हे खरेच आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या लुटीबाबत समाजवाद्यांनी नरमाई दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु खोटे बिल करणाऱ्याच्या मागे माग नसतो, वीजबिल नसते, कामगार नसतो. वर्षानुवर्षे त्याच पत्त्यावर वीज जाळून माल काढणाऱ्याला आणि कालपरवा कागदावर जन्मलेल्या पेढीला एकाच रांगेत उभे करणे ही दक्षता नव्हे. ओळखण्याचे कष्ट टाळणे एवढाच त्याचा अर्थ होतो.

यास्तव चार मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. विलंबाच्या व्याजाचा दर दोन्ही बाजूंना एकच असावा. त्रुटीपत्र एका अर्जावर एकदाच आणि सर्व उणिवा एकत्र सांगून द्यावे, व त्यामुळे मुदतीची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये. लहान उत्पादक-निर्यातदाराने बँकेमार्फत कर चुकता केल्याचे दाखवले, तर पुरवठादाराच्या कसुरीसाठी त्याचा परतावा न रोखता कसूर करणाऱ्याकडून वसुली करावी. आणि यंत्रसामग्रीवरील कर हमीपत्राच्या सूत्रात, निदान हप्त्यांनी, धरला जावा. नवे यंत्र घेणाऱ्या छोट्या कारखान्याला दंड व्हावा हे कोणत्याही औद्योगिक धोरणात बसत नाही.

तोवर कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. हमीपत्र RFD-11 या नमुन्यात दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. मार्चमध्ये वस्तीतील प्रत्येक छोट्या निर्यातदाराला त्याची आठवण करून द्यावी. ते विसरून एप्रिलमध्ये माल गेलाच, तर घाबरण्याचे कारण नाही. विलंब क्षमापित करून हमीपत्र मागाहून स्वीकारता येते आणि माल खरोखर गेला असेल तर मूळ हक्क नाकारू नये, असे केंद्रीय मंडळाच्या नोव्हेंबर 2019 च्या परिपत्रकात म्हटले आहे. ते कार्यालयात दाखवावे. वर्षाला 5 कोटींच्या आतील उलाढालीसाठी तिमाही विवरणपत्राची सोय आहे, पण निर्यातदाराला ती महागात पडते, कारण परताव्याचा अर्जही तिमाही संपेपर्यंत थांबतो. त्याने मासिक विवरणपत्रच निवडावे. सूत एका महिन्यात घेतले आणि माल दुसऱ्या महिन्यात गेला असेल, तर पहिल्या महिन्यात निर्यात शून्य म्हणून सूत्रानुसार परतावाही शून्य येतो. अशा वेळी सलग महिने एकत्र करून एकच अर्ज करावा. दर महिन्याच्या 14 तारखेला GSTR-2B तक्ता तयार होतो. तो उघडून कोणत्या व्यापाऱ्याचे बिल त्यात आलेले नाही हे पाहावे आणि पुढचा हप्ता देण्यापूर्वी त्याला विचारावे. एकटा कारखानदार विचारू शकत नाही, पण वसाहतीतील वीस जणांनी मिळून एकाच सूतवाल्याला विचारले, तर विवरणपत्र भरले जाते.

तालुक्याच्या ठिकाणी अशा वीस जणांचे एक सहकारी मदतकेंद्र चालवणे अवघड नाही. एक जाणता हिशेबनीस, एक संगणक, आणि कोणाचा अर्ज कितव्या दिवशी कोठे अडला हे लिहून ठेवणारी एक वही एवढ्यावर ते चालेल. तीन महिने ती वही भरली, की कोणते कार्यालय किती त्रुटीपत्रे काढते आणि 60 दिवसांच्या पुढे किती अर्ज जातात याचा पुरावा आपल्या हाती असेल. व्याजाची मागणी आपण मग त्याच वहीच्या आधारे करू, आणि थांबलेल्या मागाशेजारी बसून राहिलेल्या विणकराची बुडालेली मजुरीही त्याच पानावर मांडू.